लिंबाने सांगितलेली भाताची गोष्ट

नमस्कार श्रोतेहो. आज काळ्या, लाल आणि तपकिरी तांदळाबद्दल बोलायचं आहे. पण आधी अमळनेरच्या माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात चला.

मावशीच्या सुनेने मणिपूरचा काळा तांदूळ मागवला होता, चाक-हाओ. त्या दिवशी पाहुणे आले, म्हणून मावशीने तो न भिजवता थेट चुलीवर ठेवला. अर्धा तास झाला तरी दाणा कडकच. आपल्याकडे डाळ शिजत नसली की हात आपसूक सोड्याच्या डबीकडे जातो. मावशीचा हात त्याच्या शेजारच्या डबीवर पडला, बिबड्यांसाठी आणलेल्या पापडखाराच्या. तिने चमचाभर खार टाकला आणि झाकण ठेवलं. दहा मिनिटांनी उघडून बघते, तर जांभळं पाणी गढूळ हिरवं-निळं!

"हाई काय व्हयनं वं माय!" मावशी ओरडली. तांदळाला रंग फासलेला आहे, आपण फसलो, असं तिला वाटलं. भात गुरांपुढे टाकायला निघाली.

मी वाटीभर पाणी बाजूला काढलं आणि त्यात अर्धं लिंबू पिळलं. फेस आला, आणि बघता बघता पाणी लालसर जांभळं झालं. मावशीने वाटी हातात घेतली, त्यात पुन्हा चिमूटभर खार टाकला. परत हिरवट. परत लिंबू, परत लाल. पाहुणे जेवायचं विसरून ओट्याभोवती उभे राहिले. सहावीतला नातू म्हणाला, "आजी, हा तर आमचा लिटमस पेपर!" बरोबर बोलला तो.

या तांदळाच्या रंगाचं नाव अँथोसायनिन. आंबटात तो लाल होतो, साध्या पाण्यात जांभळा राहतो, खारात निळा-हिरवा होतो. लक्षात ठेवा: आंबटात लाल, खारात हिरवा. जांभळ्या कोबीतही हाच रंग आहे. फक्त खारात उकळत राहिलं की रंग मोडतो आणि मोडलेला भाग लिंबाने परत येत नाही. शिवाय खाराने तांदळातलं ब-१ जीवनसत्त्वही जातं. म्हणून काळ्या तांदळात सोडा नाही, पापडखार तर नाहीच.

आता लाल तांदूळ. केरळचा मट्टा घ्या. त्याचा लालपणा मुख्यतः वेगळ्या द्रव्याचा असतो, चहाला तुरटपणा देणाऱ्या टॅनिनच्या कुळातला. लिंबू पिळलं तरी काळ्या तांदळासारखी जादू होत नाही. आणि तपकिरी म्हणजे साधाच तांदूळ, तूस काढलेला पण कोंडा ठेवलेला. त्यात अँथोसायनिन जवळजवळ नाही. तंतू मात्र आहे. तिन्हींचा रंग कोंड्यातच असतो. काळा दाणा मधोमध मोडा, आत पांढराच दिसेल. म्हणून गिरणीत पॉलिश केला की रंग गेला.

रोज ताटात सात रंगांच्या भाज्या हव्यात, असं सांगतात. सल्ला चांगला आहे, पण डोळ्यांना एक दिसणारे रंग आतून वेगळे असतात. बीटाचा लाल, टोमॅटोचा लाल आणि काळ्या तांदळाचा जांभळा ही तीन वेगळी द्रव्यं. टोमॅटोचा रंग तेलात शिजवला की अंगी जास्त लागतो, तांदळाचा पाण्यात विरघळतो. आणि पांढऱ्या लसणाला, फ्लॉवरला कमी लेखू नका. आपलं खानदेशी भरिताचं वांगंसुद्धा फिकट हिरवं, जांभळं नव्हेच, आणि भाजल्यावर साल आपण काढूनच टाकतो. जांभळा रंग हवा तर काटेरी वांग्याची भरली भाजी करा, सालासकट. माझं स्पष्ट मत आहे, भरितासाठी मात्र काड्यांवर भाजलेलं आपलंच वांगं हवं. गॅसवरच्या भरिताला ती चव नाही.

असो. आता कृती. एक वाटी काळा तांदूळ एकदाच हलक्या हाताने धुवा, अडीच वाटी पाण्यात रात्रभर भिजवा आणि त्याच पाण्यात कुकरला पाच शिट्ट्या द्या. पुन्हा सांगते, त्याच पाण्यात, कारण रंग त्यातच उतरलेला असतो. उष्णतेने थोडा जातोच. पण हा शेवटी भात आहे, पिष्ट आहे. मधुमेह असेल तर वाटीचं माप पाळायचंच.

कोंड्यात तेल असतं, म्हणून हा तांदूळ वर्षभराचा भरू नका. दोन-तीन महिन्यांपुरता घ्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. डबा उघडताच जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला, तर तो तांदूळ शिजवू नका.

मावशी आता रात्रीच भिजत घालते, आणि लिंबाची फोड ताटात वाढते. पाहुण्यांसमोर, वरून पिळायला.