तीन दिवसांची लघवीची वही

(यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटाच्या महिला आणि आशाताईंसमोर एका स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

बायांनो, आज मी एकाच बाईची गोष्ट सांगणार आहे. तिची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही. वय ४७, तीन बाळंतपणं, चार एकर कोरडवाहू वावर, कापूस आणि तूर. दिवाळीनंतर वेचणीच्या ऐन हंगामात ती माझ्याकडे आली आणि दारातूनच म्हणाली, "मॅडम, गठोडं उचललं का लघवी निघून जाते. आता पिशवीच काढून टाका न."

पिशवीचं आधी सांगते. लघवी थांबवायचं काम गर्भपिशवी करत नाही. मूत्राशयाचं तोंड बंद ठेवणारे स्नायू आणि त्याला खालून तोलून धरणारा ओटीपोटाचा तळ वेगळा असतो. गर्भपिशवी काढून लघवीची गळती बरी होत नाही. आपल्या भागात बाया याच आशेनं पिशवी काढून घेतात आणि ओलं कापड तसंच राहतं, म्हणून हे आधी सांगितलं.

आता गळती. खोकलं, शिंकलं, हंडा किंवा गठोडं उचललं आणि त्याच क्षणी थेंब गेले, तर ती ताणाची गळती. पोटातला दाब वाढतो आणि मूत्राशयाचं तोंड तो अडवू शकत नाही. दुसरी घाईची. एकदम जोरात लागते, संडासापर्यंत पोचण्याआधीच पातळ ओलं होतं. इथे तोंडाची चूक नसते, मूत्राशयाचा स्नायूच वेळेआधी आवळतो. नळाचा आवाज आला, घराची कडी काढली की लागते, हे तुमच्यातल्या कितीतरी जणींना माहीत असेल. आणि एकाच बाईला दोन्ही होत असतील तर ती मिश्र गळती.

मिश्र गळतीत अडचण अशी की दोन्हींचा इलाज वेगळा आहे. ताणाच्या गळतीवर तळाच्या स्नायूंचे व्यायाम, आणि ते पुरले नाहीत तर शस्त्रक्रिया. घाईच्या गळतीवर मूत्राशयाला वळण लावणं आणि गोळ्या. गोळीनं ताणाची गळती थांबत नाही. शस्त्रक्रियेनं घाई जाईल याची खात्री नसते, काहींची ती वाढतेसुद्धा. मग सुरुवात कुठून करायची? बाईला विचारावं तर ती जे जास्त लाजिरवाणं वाटतं तेच सांगते. या बाईनं गठोडं सांगितलं, कारण ते चार मजुरांसमोर झालं होतं.

म्हणून मी तिला तीन दिवसांची वही दिली. शाळेच्या वहीचं एक पान म्हणजे एक दिवस. पानावर उभे रकाने: किती वाजले, काय प्यायलं आणि किती, लघवी किती झाली, गळती झाली का, आणि तेव्हा काय करत होते. ती फारशी शिकलेली नव्हती, सातवीतली नात लिहायची. थेंब गेले तर एक टिंब, कापड ओलं झालं तर गोल, पातळ बदलावं लागलं तर काळा भरलेला गोल.

लघवी मोजायची कशी, असं सगळ्याच विचारतात. एक जुना प्लास्टिकचा डबा घ्या. खोकल्याच्या औषधाची १०० मिलिलिटरची रिकामी बाटली पाण्यानं भरून त्यात ओता, बाहेरून मार्करनं रेघ मारा. असं पाच वेळा केलं की ५०० पर्यंतच्या रेघा झाल्या. डबा वेगळा ठेवा, धुवून वाळवा. घरचा गिलास आणि चहाचा कपही त्याच बाटलीनं एकदा मोजून घ्या. वावरात डबा नेणं शक्य नाही, हे मला कळतं. तिथे फक्त वेळ आणि गळती लक्षात ठेवायची आणि घरी आल्यावर लगेच लिहायची. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेलं पान उपयोगाचं नसतं.

आणखी एक गोष्ट मी तिला बजावून सांगितली. तीन दिवसांत एक तरी दिवस घरचा हवा आणि एक तरी वावरातला. का, ते तिच्याच पानांवरून पाहा.

घरच्या दिवशी ती उठल्यापासून झोपेपर्यंत १० वेळा लघवीला गेली. दर वेळी ९० ते १२० मिलिलिटर, म्हणजे कपभर. साधारणपणे जागेपणी सात-आठ वेळा आणि दर वेळी दोन-तीनशे मिलिलिटर व्हायला हवी. रात्री ती दोनदा उठली, १५० आणि १५०, आणि पहाटे उठल्यावरची ३०० झाली. ही पहाटेची ३०० मला फार महत्त्वाची वाटली. मूत्राशय लहान झालेलं नाही, ३०० धरू शकतं, हे त्या एका आकड्यानं सांगितलं. म्हणजे दिवसा ते १०० वरच घाई करतं, आणि त्याला पुन्हा शिकवता येईल. त्या दिवशी गळती पाच वेळा. चारदा घाईनं, त्यातले दोन काळे गोल. खोकल्यानं एकदाच, टिंब.

आता वावरातले दोन दिवस. सकाळी नऊ ते पाच लघवीला जायला आडोसा नाही, म्हणून पाणीच प्यायली नाही. दिवसा चारदाच गेली. दोन दिवसांत गळती सहा वेळा, आणि सगळी गठोडं उचलताना किंवा खोकताना. नुसती ही दोन पानं पाहिली असती तर मी म्हटलं असतं, ही ताणाची गळती, चला ऑपरेशनला. नुसतं घरचं पान पाहिलं असतं तर गोळ्या लिहून दिल्या असत्या. वावरात पाणी तोडल्यामुळे तिची घाई झाकली गेली होती.

त्या सहातल्या दोन नोंदींपाशी नातीनं लिहिलं होतं: "खाली ठेवल्यावर." मी बाईला खोदून विचारलं. गठोडं उचललं तेव्हा काही झालं नव्हतं. ते बैलगाडीत टाकलं, दोन-चार श्वास गेले, एकदम जोराची लागली आणि पातळ भिजलं. ही गळती दिसायला ताणाची, पण खरं तर घाईचीच. ताणानं मूत्राशय चाळवलं आणि मग ते आवळलं. म्हणून आशाताई, विचारताना "उचलताना जाते का" एवढ्यावर थांबू नका. "त्याच क्षणी की जराशानं" हेही विचारा. हिशेब असा झाला: अकरा गळत्यांपैकी ताणाच्या पाच, घाईच्या सहा, आणि सगळे काळे गोल घाईचेच.

पाण्याच्या रकान्यानं अजून एक गोष्ट उघड केली. घरच्या दिवशीही ती सवयीनं दिवसा पाणी टाळायची आणि संध्याकाळी सहानंतर दीड लिटर पाणी, वर दोन कप चहा प्यायची. दिवसभराच्या १६५० मिलिलिटर लघवीपैकी ६०० रात्रीची, पहाटेची धरून. एक तृतीयांशाहून जास्त. रात्रीच्या उठण्याला गोळी द्यायच्या आधी पाण्याची वेळ बदलायला हवी होती.

इलाजाआधी लघवी तपासली, जंतुसंसर्ग नव्हता. साखर पाहिली. लघवी केल्यावर मूत्राशयात किती उरते ते सोनोग्राफीत पाहिलं, जवळजवळ काही नाही. अंग बाहेर आलेलं नव्हतं. वहीत कुठे कोरडी वेळच सापडली नाही, रात्रंदिवस थेंब थेंब चालूच असेल, किंवा लघवीत रक्त दिसलं, तर वही भरत बसू नका, सरळ तपासायला पाठवा.

पहिले सहा आठवडे गोळी दिली नाही. चहा पाच कपांवरून दोनवर आणला. पाणी सकाळी उठल्यापासून थोडं थोडं, वावरातसुद्धा, आणि रात्री जेवणानंतर घोटभर. पाणी कमी करायचं नाही, नुसतं सरकवायचं. आपल्याकडच्या उन्हात पाणी तोडणं धोक्याचं आहे, आणि गडद लघवीनं मूत्राशय जास्तच चाळवतं. वावराच्या धुऱ्यावर चार तुरकाड्या आणि जुन्या लुगड्याचा आडोसा तिच्या नवऱ्यानं करून दिला. माझ्या चिठ्ठीतल्या कोणत्याही औषधाइतकाच तो कामाचा ठरला.

मूत्राशयाला वळण लावायची सुरुवातही वहीतूनच ठरली. ती सव्वा-दीड तासानं जात होती. म्हणून सव्वा तास पक्का धरला. मधे लागली तर पळायचं नाही, बसून राहायचं, खालचे स्नायू चार-पाच वेळा आवळायचे, घाईची लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवायची.

सोबत व्यायाम. वारा जाऊ नये म्हणून आपण जिथे आवळतो, तिथे आणि पुढे लघवीच्या जागी एकदम आवळून वर ओढायचं. एका वेळी आठदा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. मी तिला तपासताना आवळायला सांगितलं तर ती पोट ताणून खाली जोर देत होती, बाळंतपणात देतात तसा. असा व्यायाम वर्षभर केला तरी गळती थांबणार नाही, उलट वाढू शकते. म्हणून पहिल्यांदा नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून तपासून घ्या, बरोबर आवळलं जातंय का. आणि गठोड्याला हात घालण्याआधी आवळायचं, उचलून ठेवेपर्यंत सोडायचं नाही. पहिल्याच महिन्यात टिंबं कमी झाली ती या युक्तीनं.

सहा आठवड्यांनी दुसरी वही. घरच्या दिवशी आठदा, दर वेळी दीडशेच्या आसपास. तीन दिवसांत घाईच्या गळत्या सहावरून तीन. सुधारणा होती, पण एक काळा गोल अजून होता. तेव्हा गोळी सुरू केली. या गोळ्या दोन जातींच्या. सॉलिफेनासिन, टोल्टेरोडिन यांसारख्या जुन्या जातीनं तोंड कोरडं पडतं आणि बद्धकोष्ठता होते. काचबिंदूच्या काही प्रकारांत त्या चालत नाहीत, म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणशक्तीवरही परिणाम होऊ शकतो. तोंड कोरडं पडलं की बाई जास्त पाणी पिते आणि वहीचा हिशेब बिघडतो. दुसरी मिराबेग्रॉन. तिनं तोंड तितकं कोरडं पडत नाही, पण रक्तदाब वाढू शकतो, फार वाढलेला असेल तर देत नाहीत. हिला आधीच बद्धकोष्ठता होती आणि रक्तदाब चांगला होता, म्हणून ही निवडली. चार आठवड्यांनी बोलावलं, कारण त्याआधी गोळीला नापास करायचं नसतं. रक्तदाब पाहिला, ठीक होता.

तीन महिन्यांनंतरच्या तिसऱ्या वहीत घाईची गळती एकही नव्हती. दिवसा सातदा, रात्री एकदा. ताणाची टिंबं तीन उरली, तिन्ही त्याच क्षणाची, तिन्ही पोतं उचलताना. आता कुठे ऑपरेशनबद्दल मी तिच्याशी प्रामाणिकपणे बोलू शकले, कारण उरलं होतं ते ऑपरेशनचंच काम होतं. लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी घालतात, जाळीची किंवा स्वतःच्याच पोटाच्या आवरणाची. जाळी शरीरात कायमची राहते, कधी तिचाच त्रास होऊ शकतो. काहींना नंतर लघवी सुटायला अडचण येते. घाई परत येऊ शकते. आणि काही आठवडे जड उचलायचं नाही.

हे शेवटचं ऐकून तिनं बोटांवर मोजलं. पऱ्हाटी उपटायची होती, मग नांगरणी, मग सरकी टोबायची. ती म्हणाली, "तीन टिंबांसाठी एवढं नाही करत मी आत्ता. आवळून उचलते." गोळी आम्ही पुढे हळूहळू बंद करून पाहणार आहोत, आणि बंद केल्यावर पुन्हा तीन दिवस वही. नातीनं त्यासाठी रकाने आखून ठेवले आहेत.