नाणं आधी, नाव नंतर

घरी विज्ञानाची शिकवणी घेणाऱ्या एका बाईंनी आपल्या यूट्यूब चॅनेलचा मजकूर मला तपासायला पाठवला होता. सुरुवात अशी होती : 'नमस्कार विद्यार्थी मित्रांनो, आमच्या चॅनेलवर आपले सहर्ष स्वागत आहे. विज्ञान सोप्या भाषेत शिकवणे हा आमचा ध्यास आहे.' खाली पदव्या, मग घराचा पत्ता, मग मोबाइल नंबर. बाई शिकवतात उत्तम, मी त्यांचा वर्ग पाहिलाय. पण हा मजकूर वाचून एवढंही कळत नव्हतं, की त्या आठवीला शिकवतात की दहावीला.

चॅनेलवर येणारा मुलगा काय शोधत असतो? उद्या वर्गात 'उष्णता' धडा आहे, किंवा परवा चाचणी आहे. त्याला तीन गोष्टी कळायला हव्यात : इयत्ता कोणती, बोर्ड कुठलं, माध्यम कुठलं. या तिसऱ्यापाशी आपल्याकडे खरी गुंतागुंत आहे. मराठी माध्यमाच्या पुस्तकात 'अपवर्तन' असतं. सेमीच्या मुलाचं गणित-विज्ञान इंग्रजीतून, म्हणून तो 'रिफ्रॅक्शन' म्हणतो. त्याला समजावून हवं असतं मराठीतच, पण पेपर इंग्रजीत लिहायचा असतो. 'मराठीतून विज्ञान' एवढंच लिहिलंत, तर हे आपल्यासाठी नाही असं समजून तो निघून जातो. बाईंकडे येणारी निम्मी मुलं सेमीची होती आणि मजकुरात त्यांचा पत्ताच नव्हता.

आता जागेचा हिशेब. चॅनेलच्या वर्णनाला 1000 अक्षरांची मर्यादा आहे. आपल्याला ती ऐसपैस वाटते, पण देवनागरीत काना, वेलांटी, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विज्ञान' हा शब्द आपण तीन अक्षरी म्हणतो, तिथे तो सात भरतो. म्हणजे हातात साधारण दीडशे शब्द. त्यातही चॅनेलच्या पानावर नावाखाली वर्णनाची सुरुवातच तेवढी दिसते, बाकीचं दाबल्यावर उघडतं. स्वागत करण्यात पहिली ओळ गेली, की दिसणारी जागा संपली.

आम्ही बसून लिहिलं ते असं :

'दहावीचं विज्ञान भाग 1 आणि भाग 2, महाराष्ट्र राज्य मंडळ, मराठी माध्यम. सेमीच्या मुलांसाठी प्रत्येक संज्ञा इंग्रजीतूनही सांगते. प्रत्येक धड्यात आधी घरातल्या वस्तूंनी प्रयोग, मग संकल्पना, शेवटी एखादं गणित किंवा "शास्त्रीय कारणे लिहा"मधला प्रश्न सोडवून. धडे पुस्तकाच्या क्रमाने प्लेलिस्टमध्ये लावले आहेत. मी बारा वर्षं घरी शिकवणी घेते. इथले व्हिडिओ त्याच वर्गात मुलांना पडलेल्या प्रश्नांवरून केले आहेत.'

'दर शनिवारी नवा व्हिडिओ' हे वाक्य मी काढायला लावलं. फेब्रुवारी-मार्चमध्ये शिकवणीच्याच मुलांच्या परीक्षा असतात, तेव्हा शनिवार चुकणार हे ठरलेलं. पत्ता आणि नंबरही काढले. संपर्कासाठी यूट्यूब स्टुडिओत ईमेलची वेगळी जागा आहे. दहावीतली मुलं येतात ते घर कुठे आहे, हे परक्या माणसाला सांगायचं कारण नाही. आणि मुलं शोधताना बहुधा रोमन लिपीत टाइप करतात, dahavi vidnyan किंवा 10th science marathi असं. ते शब्द वर्णनाच्या तळाशी ढिगाने ओतू नयेत. एखादी ओळ पुरते. खरी गरज व्हिडिओच्या शीर्षकात असते.

आता ट्रेलर. जो अजून सबस्क्राइबर नाही, त्याला चॅनेल उघडल्यावर हा दिसतो. जुन्या सबस्क्राइबरांसाठी दुसरा व्हिडिओ लावता येतो. म्हणजे ट्रेलर अनोळखी माणसासाठीच असतो. बाईंचा पहिला ट्रेलर अडीच मिनिटांचा होता : फिरतं बोधचिन्ह, संगीत, नमस्कार, पदव्या. किती जण पाहत राहिले हे दाखवणाऱ्या Analytics मधल्या आलेखात रेघ पहिल्या पंधरा सेकंदांतच कोसळली होती, आणि शिकवणं सुरू व्हायचं त्यानंतर.

मी म्हटलं, बाई, तुमच्याबद्दल सांगू नका, शिकवून दाखवा. ठरलं नाण्याचं. वाटीत नाणं ठेवायचं, कड आड येऊन ते जेमतेम दिसेनासं होईल इतका कॅमेरा खाली आणायचा आणि मग पाणी ओतायचं. पन्नासेक सेकंदांची संहिता अशी झाली :

'या वाटीत नाणं आहे. तुम्हाला दिसत नाही, कारण वाटीची कड आड येतेय. मी नाणं हलवणार नाही, कॅमेराही हलवणार नाही. फक्त पाणी ओतते.' इथे सहा सेकंद गप्प. 'दिसलं? नाणं आहे तिथेच आहे. त्याच्याकडून निघालेला प्रकाश पाण्यातून हवेत येताना वाकला आणि कडेवरून तुमच्यापर्यंत पोचला. पुस्तकात याला अपवर्तन म्हणतात, सेमीवाल्यांचं रिफ्रॅक्शन. दहावीचं विज्ञान मी असंच शिकवते, आधी प्रयोग, मग पुस्तक. खाली धड्यांची यादी आहे. उद्या वर्गात जो धडा असेल, तो उघडा.'

ती सहा सेकंदांची शांतता बाईंना फार जड गेली. वर्गातही त्या उत्तर लगेच सांगून टाकत नाहीत, मुलांना बघू देतात. कॅमेऱ्यासमोर मात्र सगळ्यांनाच पोकळी भरून काढावीशी वाटते. संहितेत 'गप्प' हा शब्द ठळक लिहून ठेवा, नाहीतर तिथे हमखास 'तर मित्रांनो, आता आपण पाहणार आहोत' येतं.

पहिल्या दिवशी चित्रीकरण फसलं. आमटीची उथळ वाटी घेतली होती, तिच्यात जेमतेम दोन सेंटिमीटर पाणी. वरून सरळ पाहिलं तर पाण्यातली खोली सुमारे पाऊण भासते, म्हणजे दोन सेंटिमीटरला नाणं अर्धाच सेंटिमीटर वर आल्यासारखं दिसतं. मोबाइलच्या पडद्यावर तेवढं कळतच नाही. खोल, अपारदर्शक भांडं घेतलं, सहा सेंटिमीटर पाणी भरलं, तेव्हा फरक दीड सेंटिमीटरचा झाला आणि तिरकं पाहताना त्याहूनही जास्त. दुसरी अडचण अशी, की पाण्याच्या धारेने नाणं सरकायचं. मग 'हलवणार नाही' म्हणणं खोटं ठरायचं आणि हुशार मुलगा नेमकं तेच पकडणार. मेणाच्या ठिपक्याने ते तळाला चिकटवलं. तिसरं म्हणजे पाणी चमकलं की मोबाइल आपोआप फोकस बदलायचा, म्हणून फोकस आणि उजेड आधीच लॉक केले. मराठी सबटायटलंही घातली, कारण पुष्कळ जण आवाज बंद ठेवून पाहतात.

नव्या ट्रेलरचा आलेख आम्ही दोन आठवड्यांनी उघडला. पाणी ओतेपर्यंत रेघ जवळजवळ सपाट होती. मोठी पडझड पुढे होती, 'मी बारा वर्षं घरी शिकवणी घेते' या वाक्यावर. ते संहितेत नव्हतं, बाईंनी चित्रीकरणाच्या वेळी आपणहून घातलं होतं. त्यांनी आलेखाकडे पाहिलं, हसल्या आणि तेवढी चार सेकंदं कापून टाकली.