तांब्यातील दोन फटी आणि पुसले जाणारे पट्टे

श्रोतेहो, नमस्कार. इलेक्ट्रॉन दोन फटींतून पाठवले, तर पलीकडच्या पडद्यावर प्रकाशासारखेच उजळ आणि काळे पट्टे उमटतात, आणि तो कोणत्या फटीतून गेला याची नोंद कुठेही राहिली, तर ते पट्टे नाहीसे होतात, हे आपण विज्ञानाच्या पुस्तकात वाचलेले असते. या विधानामागचा प्रत्येक आकडा कोणी तरी प्रयोगशाळेत कष्टाने मिळवला आहे, आणि आज मला त्यातील एका माणसाची हकिकत सांगायची आहे.

अमेरिकेतील कॅलटेक या संस्थेत रिचर्ड फाइनमन यांनी 1961 ते 1963 या काळात विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्राची व्याख्याने दिली. त्यांचा पुंजयामिकीवरचा भाग 1965 मध्ये छापून आला. इलेक्ट्रॉन आणि दोन फटी हाच प्रयोग त्यांनी आरंभी घेतला, पण सोबत एक इशारा दिला, की हा प्रयोग प्रत्यक्षात मांडण्याच्या खटपटीला लागू नका, कारण उपकरण अशक्य वाटावे इतके बारीक करावे लागेल आणि असा प्रयोग नेमका याच रीतीने कधी झालेला नाही. वस्तुस्थिती अशी होती, की तो झालेला होता. जर्मनीतील ट्युबिंगेन विद्यापीठात गॉटफ्रीड म्योलेनश्टेट यांच्या मार्गदर्शनाखाली काम करणाऱ्या क्लाउस यॉन्सन या तरुण संशोधकाने त्याचा निबंध 1961 मध्येच प्रसिद्ध केला होता. निबंध जर्मन भाषेत होता आणि त्याचे इंग्रजी भाषांतर 1974 मध्ये आले. एका भाषेत छापलेले दुसऱ्या भाषेतील मोठ्या माणसाला वर्षानुवर्षे ठाऊक नसते, आणि मोठ्या माणसाने ‘झाले नाही’ म्हटले की पुढे सगळेच तसे म्हणू लागतात. ही खोड केवळ भौतिकशास्त्रातली नव्हे, पण ते असो.

यॉन्सनपुढची अडचण प्रथम आकड्यांत पाहू. त्याने इलेक्ट्रॉन सुमारे 50 हजार व्होल्टने वेगवान केले होते. धावणारा इलेक्ट्रॉन तरंगासारखाही वागतो, आणि त्या द्रव्यतरंगाची लांबी म्हणजे प्लांकचा स्थिरांक भागिले संवेग. इलेक्ट्रॉनसाठी त्याचे सोपे रूप असे, की 12.27 या आकड्याला व्होल्टच्या वर्गमुळाने भागावे आणि उत्तर अँगस्ट्रॉममध्ये घ्यावे. 50 हजारांचे वर्गमूळ सुमारे 223.6, म्हणून उत्तर 0.0549 अँगस्ट्रॉम, म्हणजे 5.49 पिकोमीटर. बहुतेक शिकवण्यांत गणित इथेच संपवतात, आणि ते मला खटकते, कारण या इलेक्ट्रॉनचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या 41 टक्के असतो आणि तिथे सापेक्षतेची दुरुस्ती करावीच लागते. ती केल्यावर तरंगलांबी 5.36 पिकोमीटर येते. फरक अडीच टक्क्यांहून कमी आहे हे खरे, पण तो आहे हे माहीत असूनही सोडून देणे वेगळे आणि माहीतच नसणे वेगळे.

आता फटींकडे वळू. दोन शेजारच्या पट्ट्यांमधील कोन म्हणजे तरंगलांबी भागिले फटींमधील अंतर. फटींत एक मिलिमीटर अंतर ठेवले आणि पडदा 35 सेंटीमीटरवर ठेवला, तर पट्ट्यांमधील अंतर सुमारे दोन नॅनोमीटर येईल आणि ते कशानेच टिपता येणार नाही. म्हणून फटी जवळ आणायच्या. त्या एक मायक्रोमीटरवर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या अंतरावर आणल्या, तर त्याच पडद्यावर पट्ट्यांतील अंतर 1.9 मायक्रोमीटर होते. हेही डोळ्याला दिसत नाही, पण इलेक्ट्रॉन भिंगांनी ते मोठे करून छायाचित्राच्या काचेवर उतरवता येते. म्हणजे सारे काही एक मायक्रोमीटर अंतराच्या दोन फटींवर येऊन ठेपले. त्या फटी खऱ्याखुऱ्या मोकळ्या हव्यात, त्यांत पातळ पापुद्राही नको, कारण इलेक्ट्रॉन पापुद्र्यातील अणूंवर आदळून विखुरतात.

अशा फटी कोरायच्या कशाने? कोणतेही पाते इतके बारीक नसते. यॉन्सनची युक्ती मला फार आवडते, कारण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या प्रत्येकाला छळणाऱ्या एका त्रासाचे त्याने अवजार केले. त्या काळच्या निर्वात नळ्यांत पंपातील तेलाची वाफ थोडीफार राहतच असे. इलेक्ट्रॉनांचा झोत जिथे पडे, तिथे त्या वाफेतील हायड्रोकार्बन एकमेकांना चिकटून कठीण, मळकट थर बसे आणि नमुना खराब होई. सगळे जण हा मळ टाळण्याची धडपड करत. यॉन्सनने तो मुद्दाम बसवला. त्याने काचेच्या तुकड्यावर सुमारे 20 नॅनोमीटर जाडीचा चांदीचा थर चढवला आणि निर्वातात त्यावर इलेक्ट्रॉनांचा रेषेसारखा बारीक झोत सोडला. झोत पडला तिथे मळाची रेघ उमटली. शेजारी एक मायक्रोमीटरवर दुसरी रेघ काढली. या मळातून वीज जवळजवळ वाहत नाही, आणि सगळी मेख इथेच आहे. नंतर तो तुकडा तांब्याच्या द्रावणात ठेवून वीज सोडली, तेव्हा तांबे चांदीवर सर्वत्र बसले, पण मळाच्या रेघांवर बसले नाही. शेवटी तांब्याचा पत्रा काचेवरून अलगद सोलून काढला. जिथे रेघा होत्या, तिथे पत्र्यात आरपार मोकळ्या फटी राहिल्या, 50 मायक्रोमीटर लांब आणि 0.3 मायक्रोमीटर रुंद. त्याने अशा दोनच नव्हे, तर पाचपर्यंत फटी शेजारीशेजारी केल्या, आणि प्रत्येक वेळी प्रकाशाच्या प्रयोगात दिसतात तसेच पट्टे मिळाले. 2002 मध्ये ‘फिजिक्स वर्ल्ड’ या मासिकाच्या वाचकांनी इलेक्ट्रॉनांच्या दोन फटींच्या प्रयोगाला सर्वांत सुंदर प्रयोग ठरवले, आणि मग तो पहिल्यांदा कोणी केला याचा शोध सुरू झाला. एक्केचाळीस वर्षांनी का होईना, तांब्याचा तो पत्रा लोकांच्या नजरेस आला.

यॉन्सनने एकेक इलेक्ट्रॉन मोजला नव्हता. ते काम पुढे इटलीत बोलोन्याच्या आणि जपानमध्ये हिताचीच्या संशोधकांनी केले, तेही तांब्यातील फटींऐवजी झोत दुभागणारी बारीक तार वापरून. तिथे पडद्यावर एकेक ठिपका उमटतो आणि हजारो ठिपके साचल्यावर पट्टे दिसू लागतात. सेकंदाला हजार इलेक्ट्रॉन सोडले, तरी या वेगाने एकाच्या मागे दुसरा सुमारे 120 किलोमीटरवर असतो, म्हणजे मुंबईपासून पुणे सरळ रेषेत असावे तितका. उपकरण असते जेमतेम माणसाच्या उंचीचे. म्हणून पट्टे इलेक्ट्रॉनांच्या आपसातील धक्काबुक्कीने पडतात असे म्हणता येत नाही. पुन्हा सांगतो, उपकरणात एका वेळी बहुधा एकच इलेक्ट्रॉन असतो आणि तरीही पट्टे पडतात.

आता मार्गाची नोंद. फटींजवळ दिवा लावला आणि इलेक्ट्रॉनवरून विखुरलेला प्रकाश पाहिला, तर तो कुठून गेला हे कळेल. त्यासाठी प्रकाशाची तरंगलांबी फटींतील एक मायक्रोमीटर अंतरापेक्षा लहान हवी, म्हणून ती अर्धा मायक्रोमीटर घेऊ. इलेक्ट्रॉनची दिशा यामुळे किती बदलू शकते, हे दोन तरंगलांबींच्या भागाकारावरून कळते. तो कोन रेडियनच्या एक लाखाव्या भागाएवढा येतो, आणि पट्ट्यांमधील कोन आहे त्याच्या निम्मा. उजळ पट्ट्यावर पडायचा इलेक्ट्रॉन काळ्यावर पडू लागतो आणि पट्टे पुसले जातात. 10 मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश घेतला, तर धक्का पट्ट्यांच्या अंतराच्या फार तर दहाव्या भागाइतका असतो आणि पट्टे टिकतात, पण मग दोन्ही फटी एकाच अंधूक डागात मिसळतात आणि मार्ग कळत नाही.

हे गणित बरोबर आहे, पण त्यावरून धक्का हेच मूळ कारण समजणे अपुरे आहे. मूळ कारण नोंद हेच आहे. इलेक्ट्रॉन डावीकडून गेला तर भोवतालच्या वस्तूची एक अवस्था होते, उजवीकडून गेला तर दुसरी. या दोन अवस्था जितक्या एकमेकींसारख्या, तितके पट्टे ठळक. त्या पूर्ण वेगळ्या झाल्या, तर दोन तरंगांच्या बेरजेतील पट्टे पाडणारे पद शून्य होते. मधल्या पायऱ्याही असतात. समजा नोंद पाहून आपण दहापैकी नऊ वेळा मार्ग बरोबर ओळखू शकतो. बर्टहोल्ड-गेओर्ग एंगलर्ट यांनी 1996 मध्ये मांडलेल्या संबंधानुसार पट्ट्यांची स्पष्टता तेव्हाही 60 टक्क्यांपर्यंत राहू शकते, म्हणजे उजळ पट्ट्यावर काळ्याच्या चौपट इलेक्ट्रॉन पडू शकतात. ‘पाहिले की पट्टे गेले’ असे जे सांगतात, ते ही उतरंड गिळून टाकतात. त्यातही फटीशेजारी माणसाचा डोळा काढणाऱ्या चित्रांचा मला मनापासून कंटाळा आहे.

डोळा लागत नाही, हे पुन्हा ट्युबिंगेनमध्येच दिसले. पेटर झोनेनटाग आणि फ्रांझ हासेलबाख यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इलेक्ट्रॉनचे दुभागलेले मार्ग सिलिकॉनच्या पट्टीवरून, तिला न शिवता, शेजारीशेजारी नेले. इलेक्ट्रॉन वरून जाताना पट्टीतील विद्युतभार त्याच्या खालून सरकत जातो. सिलिकॉनचा रोध मोठा, म्हणून या सरकण्याने पट्टीतील असंख्य इलेक्ट्रॉनांत थोडी खळबळ मागे राहते, आणि ती कुठे राहिली यातच मार्गाची नोंद असते. मार्ग पट्टीच्या जितके जवळ आणि एकमेकांपासून जितके दूर, तितके पट्टे फिके झाले. श्रोत्यांना शंका येईल, की उपकरण हादरले किंवा विजेच्या तारांचे चुंबकीय क्षेत्र आत शिरले, तरी पट्टे फिकेच होतील. शंका रास्त आहे. पण झोत उभ्या रेषेसारखा असल्याने एकाच चित्रात वेगवेगळ्या उंचीवरचे पट्टे येतात, आणि हादऱ्याने ते सगळ्या उंचींवर सारखेच बिघडायला हवेत. इथे वरचे पट्टे ठसठशीत राहतात आणि पट्टीकडे येता येता विरतात.

ती नोंद कोणी वाचत नाही, आणि वाचायची म्हटली तरी पट्टीतील असंख्य कणांत विखुरलेली ती खळबळ गोळा करण्याची सोय नाही. याच कारणाने ती पुसून पट्टे परतही आणता येत नाहीत.