आघाडीवर असलेली जाहिरात आणि जिंकलेली जाहिरात

कार्डावर विषय छापलाय "दोन जाहिरातींना सारखं, छोटं बजेट देऊन विजेती कशी निवडायची", आणि तिथे मी येणारच आहे, पण आधी माझी एक जुनी तक्रार ऐकून घ्या. तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या फोनमध्ये तिचा पुरावा आत्ताही सापडेल.

तक्रार स्क्रीनशॉटची आहे. सकाळी दोन जाहिराती चालू केल्या, दोघींना सारखे पैसे, ठरलंय की आठवडाभर हात लावायचा नाही. आणि संध्याकाळी ग्रुपवर स्क्रीनशॉट येतो, ए ला ७ ऑर्डर, बी ला ३, खाली मेसेज, "बी बंद करूया ना, पैसे वाया चाललेत." पाच मिनिटांत चार अंगठे. मग मी लांबलचक मेसेज टाईप करायचा, आणि त्यावर उत्तर येणार, "सर, पण नंबर तर समोर दिसतायत ना."

एका क्लायंटकडे हे इतकं व्हायला लागलं की मी मालकांना बाजूला घेऊन सांगितलं, एकदा गंमत करू. एकच फोटो, एकच मजकूर, एकच ऑफर, दोनदा चढवली. एकीला नाव दिलं "जुनी", दुसरीला "नवी". टीमला फक्त नावं आणि आकडे दाखवायचे, सेटिंग सगळं सारखं. "नवी" पुढे गेली, आणि मीटिंगमध्ये कारणांचा पाऊस! एकजण म्हणाला नवीचे रंग फ्रेश आहेत, दुसऱ्या म्हणाल्या त्यातली बाई थेट आपल्याकडे बघते म्हणून विश्वास बसतो, तिसऱ्याने तर पुढच्या तीन महिन्यांची सगळी क्रिएटिव्ह याच स्टाईलमध्ये करायचा प्रस्ताव मांडला. मग मी दोन्ही शेजारी शेजारी उघडल्या. सगळे गप्प. आणि शेवटी एक गृहस्थ म्हणतात, "तरीपण नवी जरा ब्राइट वाटते." हसा, पण त्यांचं काही चुकलं नव्हतं हो, आकडा दिसला की माणूस कारण शोधतोच, मीही शोधतो.

याला ए/ए टेस्ट म्हणतात, आणि बजेट परवडत असेल तर प्रत्येकाने एकदा करावी. नसेल परवडत तर नाणं घ्या. समजा दोन्ही जाहिराती अगदी सारख्याच चांगल्या आहेत, म्हणजे येणारी प्रत्येक ऑर्डर ए ची की बी ची हे नाणेफेकीवर ठरतं. १० ऑर्डरमध्ये ७-३ किंवा त्याहून एकतर्फी निकाल, कुठल्याही बाजूने, लागायची शक्यता ३४ टक्के आहे. तीनातल्या एका संध्याकाळी तुम्हाला तो स्क्रीनशॉट येणारच, फरक शून्य असताना! २० ऑर्डरमध्ये तेवढंच प्रमाण, म्हणजे १४-६, आलं तर ती शक्यता साडेअकरा टक्क्यांवर येते. प्रमाण तेच, वजन वेगळं.

आता माझा खरा आवडता मुद्दा, यासाठीच मी आज यायला हो म्हणालो. लोक म्हणतात, ठीक आहे, पहिला दिवस सोडा, पण चार दिवस झाले आणि अजून ए च पुढे आहे, मग तर खरं ना? नाही. दोन अगदी सारख्या जाहिरातींमध्ये टेस्टच्या निम्म्यावर जी पुढे असते, ती शेवटीही पुढे असायची शक्यता ७५ टक्के आहे. पाव टेस्ट झाल्यावर जी पुढे होती तिची सुद्धा दोन तृतीयांश. कारण डॅशबोर्डवरचा आकडा बेरजेचा आहे, पहिल्या दिवशी नशिबाने मिळालेली आघाडी रोज पुन्हा पुन्हा मोजली जाते. आपल्याला वाटतं ए रोज जिंकतेय, खरं तर ए एकदाच जिंकलीय आणि आपण ते रोज वाचतोय. म्हणून तारखांचा फिल्टर लावून मधल्या दिवसापासून पुढचे आकडे शून्यापासून बघा. नुसत्या दुसऱ्या अर्ध्यात ए पुढे आहे का? बऱ्याचदा तिथे बरोबरी निघते.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत म्हणे. बरं, मग कार्डावरचा विषय भराभर.

पहिलं, पैसे खरंच सारखे जातायत का बघा. दोन्ही जाहिराती एकाच अॅड सेटमध्ये टाकल्या तर सिस्टीम सुरुवातीच्या थोड्याशा प्रतिसादावरून एकीला लाडकी ठरवते आणि बहुतेक बजेट तिलाच देते, म्हणजे तुमच्या आधी मशीनच फसलेलं असतं. वेगळे अॅड सेट, वेगळं बजेट, आणि शक्यतो प्लॅटफॉर्मची ए/बी टेस्ट सुविधा वापरा, कारण ती प्रेक्षकांचे दोन गट पाडते आणि एकाच माणसाला दोन्ही जाहिराती दिसत नाहीत. तरीही प्रत्येक गटाच्या आत कुणाला दाखवायची ते सिस्टीमच ठरवते, तेव्हा निकाल जाहिरात अधिक तिने शोधलेली माणसं असा एकत्र असतो, नुसत्या फोटोचा नाही.

दुसरं, काय मोजायचं. खर्च सारखा आहे ना, मग हिशोब सोपा, तेवढ्याच पैशात ऑर्डर किती. क्लिक मोजू नका, भडक फोटोला क्लिक मिळतात आणि ऑर्डर शेजारणीला. आणि कालचा आकडा अजून पिकलेला नसतो, काल क्लिक करून उद्या घेणाऱ्याची ऑर्डर बऱ्याच ठिकाणी कालच्याच तारखेला जमा होते, म्हणून शेवटचे दोनतीन दिवस कच्चे धरा.

तिसरं, कधी थांबायचं. रोज बघून "आता फरक पक्का दिसतोय" म्हणत थांबलात तर फरक नसताना विजेती ठरवायची ५ टक्क्यांची चूक ५ वेळा बघण्यात १४ टक्के होते आणि १० वेळा बघण्यात १९. बघितल्याशिवाय राहवत नसेल तर ए/बी टेस्टच्या गणितावर लिहिणारे इव्हान मिलर यांनी मांडलेला नियम वापरा. दोघींच्या मिळून एकूण किती ऑर्डरवर थांबायचं ते आधीच लिहून ठेवायचं, त्याचं वर्गमूळ काढून सव्वादोनने गुणायचं. १०० ऑर्डर ठरवल्या तर वर्गमूळ १०, गुणाकार साडेबावीस. कुठल्याही क्षणी एकीची आघाडी २३ झाली की टेस्ट बंद, ती जिंकली. एकूण १०० झाल्या आणि आघाडी तिथे पोचली नाही, तर विजेती नाही. यात रोज बघा, तासाला बघा, चुकीची शक्यता साधारण ५ टक्केच राहते. ७-३ म्हणजे आघाडी ४, अजून १९ बाकी!

आता प्रश्न येणारच की १०० ऑर्डरचं बजेट नाही. मग छोटे फरक शोधायचेच नाहीत. एक जाहिरात दुसरीच्या दुप्पट चालत असेल तर १०० मध्ये बहुधा कळतं, पण २० टक्के फरक पकडायला हजाराच्या आसपास ऑर्डर लागतात, म्हणजे बटणाचा रंग, शब्दाची जागा हे छोट्या बजेटचं कामच नाही. दोन पूर्ण वेगळ्या कल्पना भिडवा, एकीत किंमत पुढे, एकीत वापरणाऱ्याचा अनुभव, असं काहीतरी.

आणि बरोबरी झाली तर? जी बनवायला स्वस्त ती ठेवा आणि पुढची कल्पना तिच्यासमोर उभी करा. बस, माईक घ्यायला आलेत.