उन्हाळी लागली की मेडिकलवरून गोळी आणता ना? मग हे ऐका

नमस्कार मायबहिणींनो, रामराम. आज जो विषय आहे तो बोलायला बायका लाजतात, ओपीडीत आल्या तरी आधी गुडघेदुखी सांगतात, कंबर सांगतात आणि उठता उठता दारात थांबून हळूच म्हणतात, "मॅडम, थोडी उन्हाळी पण लागली जी." म्हणजे लघवीला जळजळ, घडीघडी जावंसं वाटणं, आणि गेलं की चार थेंब.

दिवाळीनंतर कापूस वेचणीच्या दिवसात एक ताई आली होती, पस्तिशीची असेल. दिवसभर वावरात, आडोसा नाही म्हणून पाणीच कमी प्यायचं, लघवी दाबून धरायची. तिला वर्षात चार वेळा उन्हाळी लागली आणि चारही वेळा तिनं मेडिकलवरून नॉरफ्लॉक्स आणली. तीन गोळ्या खायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात. मधे एकदा पोरासोबत तिलाही हगवण लागली तेव्हा त्यातल्याच खाल्ल्या. पाचव्या वेळी आली ती थंडी वाजून, 102 ताप, उजव्या बरगडीखाली पाठीत कळ. म्हणते, "या वक्ताले गोयीनं कामच नाही केलं मॅडम, दोन रोज झाले खाऊन राह्यली."

आता गोळी का चालली नाही ते नीट सांगते, सगळी गोम तिथंच आहे.

लघवीच्या इन्फेक्शनचे जंतू बाहेरून, हवेतून वगैरे येत नाहीत. बहुतेक वेळा तो ई. कोलाय नावाचा जंतू असतो आणि तो राहतो आपल्याच आतड्यात. तिथं तो काही बिघडवत नाही. पण बाईमाणसाची लघवीची नळी जेमतेम दीड इंच, आणि संडासची जागा तिथून हाताच्या अंतरावर पण नाही, तर तो तिथून सरकत मूत्राशयात जातो. म्हणून हे होणं म्हणजे बाई घाणेरडी आहे असं बिलकुल नाही, हे आधी डोक्यातून काढा.

तुम्ही गोळी खाता मूत्राशयासाठी, पण ती आतड्यातूनही जाते. नॉरफ्लॉक्ससारखी गोळी आतड्यातले लेचेपेचे ई. कोलाय मारून टाकते आणि जे तिला दाद देत नाहीत ते मागे राहतात, त्यांना मोकळी जागा मिळते, ते वाढतात. तणावर एकच फवारा दरवर्षी मारला की शेवटी जे तण मरत नाही तेवढंच वावरात दिसतं, तसंच. मग पुढच्या वेळी मूत्राशयात जो जंतू चढतो तो ह्या उरलेल्यांपैकीच. त्या हगवणीच्या वेळच्या गोळ्या पण ह्याच हिशोबात धरा.

"पण पहिल्या चार वेळा तं बरं वाटलं ना?" हे तिनंच विचारलं, आणि प्रश्न बरोबर आहे. सुरुवातीला गोळीनं काम केलं असेलही, पण साधी उन्हाळी पुष्कळ बायकांची पाणी पिऊन चार-आठ दिवसात आपोआपही उतरते, तेव्हा श्रेय गोळीला जातं.

तिची लघवी तपासायला पाठवली, कल्चर म्हणतात त्याला. खरं तर हे गोळी सुरू करायच्या आधी द्यायचं असतं, आधी दोन गोळ्या पोटात गेल्या की कधी कधी रिपोर्टमध्ये काहीच उगवत नाही आणि जंतू मात्र आत असतो. तिच्या नशिबानं उगवला. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधासमोर आर नाहीतर एस लिहिलेलं असतं, आर म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देत नाही, एस म्हणजे देतो. तिच्या रिपोर्टला नॉरफ्लॉक्स आर, सिप्रो आर, सेफिक्झिम पण आर. नायट्रोफ्युरँटॉइन एस, अमिकासिन एस.

नवरा रिपोर्ट घेऊन म्हणे, ही नायट्रो गोळीच आहे ना, तीच द्या, घरी घेऊन जातो. इथंच गल्लत होते. नायट्रोफ्युरँटॉइन हे साध्या उन्हाळीला आमचं पहिल्या पसंतीचं औषध, कारण ते लघवीत साठतं, आतड्यातल्या जंतूंना फारसं छेडत नाही आणि इतक्या वर्षांनीही ई. कोलाय त्याला बऱ्यापैकी दाद देतो. पण रक्तात आणि किडनीच्या मांसात ते पुरेसं पोचतच नाही. तिला तर ताप होता, पाठीत कळ होती, म्हणजे जंतू वर किडनीत चढला होता. तिथं रिपोर्टमध्ये एस असूनही नायट्रो उपयोगाची नाही. मग आधी किडनीची रक्ततपासणी करून तिला अमिकासिनचं इंजेक्शन रोज एक, सात दिवस द्यावं लागलं, आणि त्या इंजेक्शननं कानाला अन् किडनीला त्रास होऊ शकतो म्हणून लक्ष ठेवावं लागलं. ऐन वेचणीत आठ दिवस मजुरी बुडाली ती वेगळीच.

ही नावं मी सांगतेय ती दुकानात जाऊन मागायला नाही हां. डॉक्टरनं काय आणि का दिलं ते समजावं म्हणून. ताप नाही, पाठीत दुखत नाही, पोटुशी नाही, शुगर नाही, खडा नाही, नुसती जळजळ आणि घडीघडी लघवी, तर नायट्रो 100 ची लांब असर करणारी गोळी सकाळ-संध्याकाळ जेवणासोबत पाच दिवस. नाहीतर फॉस्फोमायसिनची 3 ग्रॅमची पुडी पाण्यात घोळून एकदाच. नायट्रो किडनी कमजोर असेल तर चालत नाही, बाळंतपण जवळ आलं असेल तर नाही, आणि काही जणांच्या रक्तात जीसिक्सपीडी नावाची गोष्ट जन्मतः कमी असते, त्यांच्या रक्तपेशी ह्या गोळीनं फुटतात. घरात कोणाला अशा औषधानं कावीळ झाली असेल तर ते सांगायचंच.

आणि प्रत्येक जळजळ म्हणजे लघवीचं इन्फेक्शन नसतंच. खाज आहे, दह्यासारखं पांढरं जातंय आणि लघवी बाहेरच्या कातडीला लागली की झोंबते, तर ती बहुतेक बुरशी. तिच्यावर अँटिबायोटिक खाल्लं तर बुरशी उलट वाढते. एक मावशी अशीच तीन पाकिटं संपवून आली होती, शेवटी शुगर तपासली तर 300 च्या वर.

आपली कापूसवाली ताई आठ महिन्यांनी परत आली, ह्या वेळी पहिल्याच दिवशी आणि गोळी न खाता, जुना रिपोर्ट पिशवीत घालून. ताप नाही, पाठ दाबून पाहिली, दुखत नव्हती. कल्चरला लघवी घेतली, पहिली धार सोडून मधली, लॅबच्या बंद डबीत, आणि दोन तासाच्या आत लॅबला पोचवली. जुना रिपोर्ट बघून नायट्रो पाच दिवस लिहून दिली. तिसऱ्या दिवशी घाबरून फोन, "मॅडम, लघवी चहासारखी होऊन राह्यली, बंद करू का जी?" डोळे पिवळे दिसतात का, धाप लागते का, एवढं विचारलं, नाही म्हणाली. मग त्या गोळीचाच रंग आहे तो, राहिलेल्या चार गोळ्या खाऊन टाक म्हटलं.