दोन कॅबिनेट, एक अँप आणि ८ ओहमचा घोळ

(मुंबईत हौशी बँड आणि साउंडवाल्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित टिपण)

सगळं इलेक्ट्रॉनिक्स काही मी आज सांगत बसणार नाही, एकच केस घेऊया आणि ती नीट सोडवूया, कारण माझ्या टेबलावर दुरुस्तीला जे येतं त्यातलं बरंच ह्याच एका घोळातून आलेलं असतं.

समजा परळला एक जॅम रूम आहे. तिथे ५० वॅटचा ट्यूब हेड आहे, मागे ४, ८, १६ ओहमचा सिलेक्टर. कॅबिनेट एक मार्शल १९६०ए, म्हणजे चार बाराइंची, १६ ओहमवर लावलेलं, ३०० वॅटचं. आता गणपतीत स्टेज मोठं आहे म्हणून पोरांनी कोणाकडून तरी दुसरं कॅबिनेट आणलं, दोन बाराइंची, ८ ओहम, आत सेलेस्टियनचे दोन ग्रीनबॅक. हा स्पीकर २५ वॅटचा, म्हणजे कॅब झालं ५० वॅटचं. पोरांचा हिशोब काय? ३०० अधिक ५०, साडेतीनशे वॅटचे स्पीकर, अँप आपला ५० चा, मग टेन्शन कसलं! आणि हा हिशोब दुकानात पण लोक छातीठोकपणे सांगतात बरं का.

आधी ओहम बघू. हेडचे दोन जॅक आतून पॅरलल असतात, आणि पॅरललमध्ये गुणाकार भागिले बेरीज. १६ गुणिले ८ म्हणजे १२८, भागिले २४, उत्तर सव्वापाचच्या जरा वर. तेवढा टॅप कुठल्याच हेडवर नसतो, मग सिलेक्टर ४ वर ठेवायचा, एवढा फरक ट्यूब हेड चालवून घेतो. इथपर्यंत पोरांनी बरोबर केलं होतं. गडबड वॅटमध्ये आहे.

दोन्ही कॅबना व्होल्टेज सारखंच मिळतं, पण ज्याचे ओहम कमी ते जास्त करंट ओढतं. फलाटावरून उतरायला एक रुंद जिना आणि एक अरुंद असेल तर गर्दी रुंदावरूनच जास्त उतरणार ना, जिना किती मजबूत आहे ते कोणी बघत नाही. तसंच इथे, ८ ओहमचं कॅब १६ च्या दुप्पट पॉवर घेतं. म्हणजे ५० वॅटमधले साधारण ३३ वॅट त्या छोट्या कॅबला आणि जेमतेम १७ त्या धिप्पाड मार्शलला. जो अशक्त, त्याच्याच डोक्यावर ओझं.

तरी तुम्ही म्हणाल ३३ आहे ना, ५० च्या आतच आहे. हो, पण ५० वॅट हा आकडा स्वच्छ सिग्नलचा असतो. गिटारवाला स्वच्छ वाजवतो कधी? व्हॉल्यूम सातच्या पुढे गेला की वेव्ह वरून-खालून चपटी होते आणि तोच हेड ८० वॅटच्या आसपास बाहेर टाकू शकतो, कागदोपत्री तर पूर्ण चौकोनी वेव्हला दुप्पट होते. ८० चे दोन तृतीयांश काढा, ५३. आता ते कॅब रेटिंगच्या वर गेलं आणि आपल्याकडे आरती ते विसर्जन असं तासन्‌तास वाजतं, मधे कॉईल थंड व्हायला वेळच नाही.

पुढे काय होतं ते ऐका, कारण बिघाड टप्प्याटप्प्याने येतो. दोन ग्रीनबॅकपैकी एकाची व्हॉइस कॉईल तापते, वार्निशचा जळका वास येतो, आवाज घशाला खरखर असल्यासारखा होतो आणि मग तो स्पीकर गप्प. वायर तुटली, ओपन झाला. हे दोन स्पीकर १६-१६ चे पॅरलल होते, आता उरला एक, म्हणजे ते कॅब ८ चं १६ झालं. स्टेजवर कोणाला कळत नाही, फक्त आवाज जरा बसल्यासारखा वाटतो आणि गिटारवाला काय करतो, व्हॉल्यूम वाढवतो! आता मार्शल १६, हे पण १६, पॉवर निम्मी निम्मी, म्हणजे त्या एकट्या २५ वॅटच्या स्पीकरवर पस्तीस-चाळीस वॅट. तो पण जातो. मग लोड राहिला नुसता १६ आणि सिलेक्टर अजून ४ वरच. चौपट चूक, आणि ट्यूब हेडला जास्त ओहमची चूक वाईट, कारण आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ट्यूबकडच्या बाजूला व्होल्टेज उसळतं, सॉकेटवर ठिणगी पडते, वाइंडिंगचं इन्सुलेशन फाटतं. सुरुवात झाली एका स्पीकरपासून, बिल आलं ट्रान्सफॉर्मरचं.

मग सोय काय? नवीन काहीच विकत न घेता होते, आणि ही मला फार आवडते. १९६०ए च्या मागे मोनो-स्टिरिओचा स्विच असतो. स्टिरिओला टाकलं की कॅब मधोमध वाटलं जातं, प्रत्येक बाजूला दोन स्पीकर, ८ ओहम. त्यातली एकच बाजू लावायची. आता ८ आणि ८ पॅरलल, बरोब्बर ४, सिलेक्टर ४ वर, पॉवर अर्धी अर्धी. हेड फुल ताणला तरी छोट्या कॅबला चाळीसच जातात. मार्शलचे दोन स्पीकर नुसते बसून राहतात, राहू देत. फक्त स्विच हलवताना आणि जॅक काढता-घालताना हेड बंद, स्टँडबाय नाही, बंद.

आणि लेबलवर विश्वास ठेवू नका, भाड्याच्या कॅबमधले स्पीकर कोणी कधी बदललेत देव जाणे. केबल कॅबमध्ये घाला, दुसरं टोक मोकळं, त्याच्या टिप आणि स्लीव्हवर मल्टीमीटर लावा. मीटर डीसी मोजतो त्यामुळे आकडा छापील ओहमपेक्षा कमीच येणार, ८ च्या कॅबला सहा-सातच्या आसपास, १६ च्याला बारा-तेराच्या आसपास. ८ लिहिलंय आणि मीटर तेरा दाखवतोय तर एक स्पीकर मेलाय समजा. मग मागचं झाकण उघडून कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ आत दाबून बघा, घासल्याचा आवाज आला तर कॉईल भाजलेली आहे.

प्रश्न आलाय की ट्रान्झिस्टरचा हेड असेल तर? त्यात उलटं. त्याला जास्त ओहम चालतात, आवाज कमी येतो एवढंच, पण मागे किमान ८ लिहिलं असेल तर ही आपली सव्वापाचची जोडी त्याला लावायची नाही, तो जास्त करंट देत बसतो, हीटसिंक चटका देतो आणि आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातात. तिथे एकच कॅब लावा.

दुसरा प्रश्न, गिटारची केबल चालेल का. दिसायला सारखीच असते म्हणून सगळे लावतात. ८० वॅट ४ ओहममध्ये म्हणजे साडेचार अँपिअरच्या आसपास करंट, आणि गिटारच्या केबलमधली आतली तार केसाएवढ्या काड्यांची, ती पिकअपच्या सिग्नलसाठी आहे. ती तापून तुटली तर ट्यूब हेड बिनलोडचा चालतो, म्हणजे परत तोच ट्रान्सफॉर्मर. लॅमिंग्टन रोडला दीड किंवा अडीच स्क्वेअर एमएमची दोनपदरी स्पीकर वायर मागा, दोन पाव इंची जॅक घ्या, सोल्डर मारा आणि त्या केबलला लाल टेप लावून ठेवा.