डाव्या कानात ड्रम, उजव्या कानात गायक

नमस्कार मंडळी. आज हेडफोनवाल्यांसाठी क्रॉसफीडबद्दल बोलतोय, म्हणजे जुनी स्टीरिओ गाणी ऐकताना अर्ध्या तासात ज्यांचं डोकं जड होतं त्यांच्यासाठी.

बीटल्सचा पहिला अल्बम घ्या, प्लीज प्लीज मी, 1963 चा. तो दोन ट्रॅकच्या टेपवर रेकॉर्ड झाला, एका ट्रॅकवर वाद्यं, दुसऱ्यावर आवाज, कारण नंतर दोन्ही मिसळून मोनो करायचं होतं आणि तेव्हा खरा माल मोनोच होता. स्टीरिओ एलपीत मग वाद्यं सगळी डावीकडे आणि गाणारे सगळे उजवीकडे. स्पीकरवर ऐकलं तर चालून जातं, कारण डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतोच, फक्त सेकंदाच्या साधारण चार हजाराव्या भागाइतका उशिरा आणि डोक्याच्या आडोशामुळे जरा दबून. हेडफोनवर ती सोयच नाही. एकाच कानाला ऐकू येणारा आवाज एरवी कधी असतो सांगा? कानाशी डास गुणगुणतो तेव्हा! तसले ड्रम अर्धा तास ऐकल्यावर दमायला होणारच ना.

यावरचा इलाज म्हणजे क्रॉसफीड, स्पीकरवर आपोआप होतं तेच ते हेडफोनवर करतं, डावीकडचा थोडा आवाज किंचित उशिरा उजवीकडे सोडतं आणि उजवीकडचा डावीकडे. पण सगळा नाही, मुख्यतः खालचा भाग, कारण जाडे सूर डोक्याला वळसा घालून पलीकडे जातात, बारीक सूर डोक्यावर अडतात. कम्प्युटरवर ऑडेशससारख्या प्लेअरमध्ये bs2b नावाचं प्लगइन मिळतं, त्यात दोनच आकडे. नेहमीचं सेटिंग 700 हर्ट्झ आणि 4.5 डेसिबल, म्हणजे साधारण 700 च्या खालचे सूर दुसऱ्या कानाला साडेचार डेसिबलच कमी पोचतात, वर गेलं की मिसळणं कमी होत जातं. इथे मी स्वतः फसलो होतो, मला वाटलं डेसिबलचा आकडा वाढवला की क्रॉसफीड वाढेल, आणि मी 9.5 करून बसलो, फरकच कळेना. तो आकडा दोन कानांतल्या फरकाचा आहे हो, जितका लहान तितकं मिसळणं जास्त! 9.5 हे सौम्य सेटिंग, नव्या गाण्यांना ठीक, या अल्बमला 4.5 च हवं.

लागलंय की नाही ते कसं बघायचं, तर फक्त उजवा कप कानाला लावा. बंद असताना जवळजवळ नुसते गायक, चालू केलं की मागे बेस गिटार भिंतीपलीकडून वाजल्यासारखी घुमते. मोठ्या आवाजात फाटल्यासारखं वाटलं तर प्लेअरचा व्हॉल्यूम दोनतीन डेसिबल खाली घ्या.

गायक मात्र मधोमध येणार नाही हं, उजवीकडेच राहील, फक्त कानातून निघून खांद्यापुढे जरा सरकेल. आणि आपली जुनी मराठी गाणी बहुतेक मोनोच, दोन्ही कानांत आधीच तेच वाजतंय, तिथे हे बंद ठेवलं तरी चालतं.